शब्दसूची असूनही एकाच भागाला तीन नावं: गडबड नेमकी कुठे शोधायची

कॅटलॉगमध्ये छापलंय ‘सील रिंग’. माल पाठवल्याच्या ई-मेलमध्ये ‘ओ-रिंग’. तक्रारीला गेलेल्या उत्तरात ‘वॉशर’. वस्तू मात्र एकच, फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी खाचेत बसणारी गोल रबरी कडी. विचारलं तर प्रत्येक जण सांगतो की शब्दसूची आहे, सामायिक फोल्डरमध्ये आहे, गेल्याच महिन्यात ती नीट केली आहे. तरीही दर थोड्या दिवसांनी हेच पुन्हा निघतं. मग एक मीटिंग होते, ‘यापुढे सगळ्यांनी सूची बघूनच लिहायचं’ असं ठरतं, आणि पुढच्या कॅटलॉगमध्ये चौथं नाव उगवतं.

लिहिणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा यात भाग असतो, पण तो फार थोडा. बहुतेक वेळा सूचीची रचनाच अशी असते की ती बघूनही माणूस चुकतो, किंवा सूची बरोबर असते पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी जुना शब्द पुढे करत असतं. मराठीत आणखी एक अडचण आहे. शब्द बरोबर वापरलाय की नाही हे तपासायला गेलं, तर शोध-खिडकी बिनदिक्कत खोटं बोलते. या तिन्ही गोष्टी एका प्रकरणाच्या आधारे बघू.

प्रकरण: रबर गेलंय, वॉशर आला

घरगुती पाणी गाळण्याचं यंत्र घ्या. त्याला एक हाउझिंग असतं, म्हणजे उभा डबा. आत कार्ट्रिज बसते. डबा वरच्या झाकणात फिरवून घट्ट करतात, आणि दोघांच्या मध्ये खाचेत ओ-रिंग असते. पाणी आत येण्याच्या जोडणीपाशी एक चपटा वॉशर असतो. ओ-रिंग आणि वॉशर दोन्ही रबरी, दोन्ही गोल, दोन्ही गळती थांबवायला. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

ग्राहक लिहितो: ‘डब्याच्या वरून पाणी गळतंय, रबर खराब झालंय, नवीन पाठवा.’ उत्तर जातं: ‘आपला वॉशर दोन दिवसांत पाठवत आहोत.’ गोदामातला माणूस उत्तरातला शब्द वाचतो आणि अगदी इमानदारीने वॉशर पाठवतो. ग्राहकाच्या हाती चपटी चकती पडते, गळती तशीच राहते.

अशा वेळी उत्तर लिहिणाऱ्याला बोल लावण्याआधी त्या भागाचं नाव जिथे जिथे येतं ते सगळे मजकूर समोर मांडा. इंग्रजी मूळ मजकूर, मराठी कॅटलॉग, तयार उत्तरांचा साठा, बसवण्याच्या सूचना, सुट्या भागांची यादी. प्रत्येक ठिकाणी हा भाग कुठल्या नावाने येतो ते फक्त उतरवून काढा, सुधारायला लगेच बसू नका. या प्रकरणात असं दिसलं: इंग्रजी कॅटलॉगमध्ये या भागाला एका पानावर ‘ओ-रिंग’ म्हटलं होतं, दुसऱ्या पानावर ‘सील’ आणि आकृतीखालच्या यादीत ‘गॅस्केट’. म्हणजे मूळ मजकुरातच तीन नावं होती. अनुवादकाने प्रामाणिकपणे तिन्हींना तीन मराठी नावं दिली. शब्दसूचीतही तीन ओळी होत्या, तिन्ही बरोबर, तिन्ही मंजूर. सूची बघून काम करणाऱ्या माणसाने चूक केलीच नव्हती.

हे फार वेळा होतं, म्हणून तपासाची सुरुवात इथूनच करावी. मराठीतला घोळ बघून आपण मराठी रकान्यात डोकं घालतो, आणि मूळ मात्र इंग्रजी रकान्यात असतं. इंग्रजी लिहिणारे लोकही वेगवेगळे असतात: एक रचना विभागातला, एक विक्रीतला, एक पूर्वीच कंपनी सोडून गेलेला. त्यांच्या नावांचा मेळ कुणी घातलेला नसतो. तो घातल्याशिवाय मराठी बाजू जुळणं शक्यच नाही.

सूचीची ओळ शब्दाची नको, वस्तूची हवी

दोन रकान्यांची सूची, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, दिसायला सुटसुटीत असते. पण हीच रचना वरचा घोळ पोसते. तिच्यात प्रत्येक इंग्रजी शब्द ही वेगळी ओळ होते, आणि दोन ओळी एकाच वस्तूबद्दल आहेत हे कुठेच दिसत नाही. उलटही होतं. दोन वेगळ्या वस्तूंना मराठीत एकच शब्द दिला जातो आणि तेही कळत नाही. ‘फिल्टर’ म्हणजे अख्खं यंत्रही आणि आतली कार्ट्रिजही, अशी सूची मी पाहिली आहे. ‘फिल्टर दर सहा महिन्यांनी बदला’ हे वाक्य अशा सूचीतून बाहेर पडलं की ग्राहकाने काय समजायचं?

उपाय असा की पहिला रकाना भाग क्रमांकाचा ठेवायचा. क्रमांक नसेल तर एका ओळीचं वर्णन: वस्तू काय, कुठे बसते, काय करते. शब्दतज्ज्ञ हेच करतात. आधी संकल्पना, मग तिला लागलेली नावं. शब्दसंग्रहांची देवाणघेवाण करण्यासाठी टीबीएक्स नावाचं जे स्वरूप आहे (आयएसओ 30042, सध्याची आवृत्ती 2019ची), त्याची बांधणीही अशीच आहे. एक संकल्पना, तिच्याखाली भाषा, भाषेखाली शब्द, आणि प्रत्येक शब्दाला पसंतीचा, चालेल असा किंवा टाळायचा असा दर्जा. छोट्या कामाला टीबीएक्सची गरज नाही, साधी स्प्रेडशीट पुरते. पण हा क्रम तिथेही पाळावा.

आमच्या प्रकरणातल्या ओळी दुरुस्त केल्यावर अशा झाल्या:

```
भाग   | English          | मराठी     | लिंग   | टाळा              | ग्राहक म्हणतात
H-02  | filter cartridge | कार्ट्रिज  | स्त्री. | फिल्टर, काडतूस     | कँडल, फिल्टर
H-04  | O-ring           | ओ-रिंग    | स्त्री. | सील रिंग, गॅस्केट   | रबर, वॉशर, रिंग
H-07  | flat washer      | वॉशर      | पु.    | चकती, गॅस्केट      | वायसर, रबर
```

‘टाळा’मधलं ‘काडतूस’ हे गमतीने घातलेलं नाही. शब्दकोशात पाहून अनुवाद करणारा नवखा माणूस कार्ट्रिजला काडतूस करतो, आणि मग पाण्याच्या यंत्रात दर सहा महिन्यांनी काडतूस भरा अशी सूचना छापली जाते. सूचीत टाळायचा शब्द लिहिलेला असेल तर हे तपासताना आपोआप पकडता येतं. नुसता बरोबर शब्द लिहून ठेवला की लोक त्याच्या जवळपासचं काहीही बरोबर मानतात.

शेवटचा रकाना बहुतेक सूच्यांमध्ये नसतो, आणि माझ्या मते ई-मेलची उत्तरं लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्याचाच उपयोग आहे. कॅटलॉग लिहिणारा माणूस इंग्रजीकडून मराठीकडे येतो, त्याला पहिले तीन रकाने पुरतात. उत्तर देणारा उलट्या दिशेने येतो. त्याच्यासमोर ग्राहकाचा ‘रबर’ हा शब्द असतो आणि त्यावरून भाग शोधायचा असतो. सूचीत ‘रबर’ शोधल्यावर दोन ओळी दिसल्या, की त्याला कळतं की इथे विचारायला हवं. वरच्या तक्रारीत ‘डब्याच्या वरून’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे न विचारताही ओ-रिंग ओळखता आली असती. तसं नसेल तर एक प्रश्न पुरतो: गळती डब्याच्या तोंडाशी आहे की नळी जोडली आहे तिथे?

उत्तरात मग ग्राहकाचा शब्द आणि आपला शब्द एकदाच शेजारी आणायचे आणि पुढे फक्त आपला वापरायचा. उदाहरणार्थ: ‘आपण लिहिलेलं रबर म्हणजे डब्याच्या तोंडाशी बसणारी ओ-रिंग (भाग एच-04). नवी ओ-रिंग आज पाठवत आहोत. जुनी ओ-रिंग काढताना खाच ओल्या कापडाने पुसून घ्यावी.’ ग्राहकाला दुरुस्त केल्यासारखं वाटत नाही, गोदामाला क्रमांक मिळतो, आणि ग्राहक पुढच्या वेळी बऱ्याचदा ओ-रिंग असंच लिहितो.

‘मग ओ-रिंगला चांगला मराठी शब्द का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. कडी, वलय, रबरी कडं असं काहीही ठरवता येईल. मी इतकंच बघतो की दुकानात जाऊन माणूस कुठल्या नावाने ती वस्तू मागेल आणि त्या नावाने त्याला दुसरीच वस्तू मिळणार नाही ना. पाना, नळी, झाकण, खाच हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, ते ठेवायचे. ओ-रिंगच्या बाबतीत रूढ शब्द तोच आहे. यावर वाद घालायला मजा येते, पण तो एकदाच घालावा, निर्णय सूचीत लिहावा आणि कुणी घेतला तेही लिहावं. पुन्हा वाद निघाला तर बोट ठेवायला जागा असते.

लिंग न लिहिलेली सूची अर्धी असते

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं लिंग मराठीत प्रत्येक जण आपापल्या कानाने ठरवतो. ‘कार्ट्रिज बदलली’, ‘कार्ट्रिज बदललं’, ‘कार्ट्रिज बदलला’ हे तिन्ही लोक लिहितात. शब्द तोच असला तरी एकाच पानावर तीन प्रकार आले की मजकूर तीन ठिकाणांहून उचलून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक ओळीत लिंग हवं. अनेकवचनात किंवा सामान्यरूपात ज्या शब्दाचं रूप बदलतं तिथे तेही एकदा लिहून टाकावं: ‘नळी, नळ्या, नळीला, नळ्यांना’.

सूची सुधारल्यावर सगळे लगेच जुन्या फाइलींमध्ये ‘शोधा आणि बदला’ चालवतात. इथे हात आवरावा. जुन्या सूचनापत्रकातलं वाक्य होतं:

‘जुना वॉशर काढून नवा वॉशर खाचेत नीट बसवावा.’

खाच आली म्हणजे ही ओ-रिंग. नुसता शब्द बदलला तर ‘जुना ओ-रिंग काढून नवा ओ-रिंग खाचेत नीट बसवावा’ असं होतं, आणि सूचीतलं स्त्रीलिंग तिथेच मोडतं. वाक्य हवं ते असं: ‘जुनी ओ-रिंग काढून नवी ओ-रिंग खाचेत नीट बसवावी.’ एका नामाच्या बदलाबरोबर दोन विशेषणं आणि क्रियापद बदललं. हे काम यंत्रावर सोडता येत नाही. शिवाय त्याच पत्रकात पुढे खरा वॉशरही आहे, इनलेटपाशी. सरसकट बदल केला असता तर तो चांगला शब्दही गेला असता. म्हणून एकेक जागा बघतच पुढे जायचं. पत्रक लांब असेल तर कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता नाही.

सूची बरोबर, तरी जुना शब्द येतोच

समजा इथवर सगळं झालं. तरी पुढच्या आठवड्यात एका ई-मेलमध्ये ‘सील रिंग’ दिसली. आता लिहिणाऱ्याला विचारा: हे वाक्य तू टाइप केलंस की कुठून आलं? बहुतेक वेळा ते आलेलंच असतं.

पहिला संशयित म्हणजे अनुवादस्मृती. अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात जुनी वाक्यं जोडीने साठवलेली असतात. नवीन कॅटलॉगमध्ये तेच इंग्रजी वाक्य आलं की जुना अनुवाद शंभर टक्के जुळणी म्हणून आपोआप भरला जातो. सूची शेजारच्या खिडकीत ‘ओ-रिंग’ दाखवत असते, पण वाक्य आधीच भरलेलं आणि हिरवं झालेलं. घाईतला माणूस हिरव्याकडे बघत नाही. म्हणून सूचीत शब्द बदलला की त्याच दिवशी अनुवादस्मृतीत जुना शब्द शोधून त्या जोड्याही सुधाराव्या लागतात. त्या पुसून टाकल्या तर शंका असलेलं वाक्य नव्याने लिहावं लागेल एवढंच. पण तशाच ठेवल्या तर सुधारलेली सूची निव्वळ शोभेची राहते. मला विचाराल तर वर्षानुवर्षं साचलेल्या स्मृतीतून टाळायच्या शब्दांच्या जोड्या काढून टाकणं हे सूची बनवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि ते कुणाच्याच कामांच्या यादीत लिहिलेलं नसतं.

दुसरा संशयित तयार उत्तरं. मेलच्या साधनात साठवलेले नमुने, प्रत्येकाच्या संगणकावरची ‘उत्तरे_नवीन_अंतिम’ अशा नावाची फाइल, आणि जुन्या मेलमधून केलेली नक्कल. पहिल्या प्रकाराला हात घालता येतो, बाकीचे दोन दिसत नाहीत. त्यावर एक साधा उपाय चालतो: तयार उत्तरं इतकी चांगली आणि इतकी हाताशी ठेवायची की माणसाला खासगी फाइल ठेवावीशी वाटू नये. सक्तीने हे होत नाही.

तिसरा म्हणजे कॅटलॉगमधल्या आकृत्या. भागांकडे बाण दाखवणारी नावं चित्रातच मुरलेली असतात, किंवा छपाईसाठी अक्षरांच्या आउटलाइन केलेल्या असतात. त्यांच्यात शोध लागत नाही. जुने कॅटलॉग युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेले असतील तर तिथेही शोध रिकामा येतो. मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघा: मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर ती फाइल डोळ्यांनीच वाचावी लागणार.

शोध-खिडकी ‘सापडलं नाही’ म्हणते तेव्हा

टाळायच्या शब्दांची यादी हातात घेऊन पाठवण्याआधी प्रत्येक मजकुरात एकेक शोधणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. पण मराठीत ती तीन ठिकाणी फसते, आणि फसली हे कळत नाही, कारण निकाल ‘सापडलं नाही’ असा समाधानकारक येतो.

पहिली फसगत शब्दाच्या रूपांची. ‘नळी’ शोधलं तर ‘नळीला’, ‘नळीतून’ सापडतं, पण ‘नळ्या’ आणि ‘नळ्यांना’ सापडत नाही. म्हणून ‘नळ’ एवढंच शोधावं तर पाण्याचा नळही येतो, आणि पाण्याच्या यंत्राच्या पत्रकात नळ पानोपानी असतो. शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याची सोय, चालत असेल (लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्समध्ये चालते) तर हे लिहा:

```
नळ(ी|्या)
```

याने नळी आणि नळ्यांची सगळी रूपं येतात, ‘नळाला’ येत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दासाठी असा शोध-नमुना सूचीतच एका रकान्यात ठेवला की तपासणाऱ्याला दर वेळी डोकं लढवावं लागत नाही.

दुसरी फसगत लेखनाची. व्हॉल्व्ह हा एकच शब्द व्हॉल्व्ह, व्हाल्व्ह, व्हॉल्व, वॉल्व, वाल्व असा लिहिलेला सापडतो. सूचीत एक लेखन ठरवायचंच, पण बाकीची शोधायला हा नमुना पुरतो:

```
व(्ह)?[ॉा]ल्व(्ह)?
```

तिसरी फसगत सगळ्यात छुपी, कारण ती डोळ्याला दिसतच नाही. ‘ॲडॉप्टर’मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकात ‘ॲ’ हे एकच युनिकोड चिन्ह असतं, U+0972. दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र असतो, U+0905 आणि U+0945. दिसायला दोन्ही सारखे. पण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य नाहीत, म्हणून सामान्य शोधात एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही, आणि अनुवादाच्या सॉफ्टवेअरला सूचीतला शब्द मजकुरात ओळखता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. फक्त चंद्र गेला आणि ‘अ’ उरला, तर तो जोडून केलेला. अख्खं अक्षर गेलं, तर एकसंध. सूचीचा मराठी रकाना एका प्रकारात आणायला स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र चालतं, मराठी शब्द C रकान्यात आहे असं धरून:

```
=SUBSTITUTE(C2,UNICHAR(2309)&UNICHAR(2373),UNICHAR(2418))
```

अक्षरं थेट न लिहिता क्रमांक दिले आहेत ते मुद्दाम, नाहीतर सूत्रातच कुठलं अक्षर कुठल्या प्रकारचं आहे ते कळणार नाही. मजकुराच्या फाइलींमध्येही हाच बदल करून घ्यावा. इथे मात्र ‘शोधा आणि बदला’ बेधडक चालवता येतं, कारण शब्द बदलत नाही, व्याकरण हलत नाही.

याच उत्साहात अदृश्य जोडचिन्हंही (U+200D) पुसून टाकावीत असं कुणाला वाटेल. ते करू नका. ‘पाणी गाळणाऱ्या’ यातला ‘ऱ्य’ काही कळफलकांवर साध्या ‘र’, हलन्त आणि त्या अदृश्य चिन्हाने बनतो. चिन्ह गेलं की त्याचा रफार होतो आणि ‘गाळणार्या’ असं भलतंच दिसायला लागतं. आधी ते जोडाक्षर ‘ऱ’वालं (U+0931) करून घ्यायचं, मग उरलेल्या जोडचिन्हांकडे बघायचं, तेही एकेक करून.

अनुवादाच्या सॉफ्टवेअरमधली शब्दतपासणीही याच कारणांनी मराठीत बदनाम आहे. सूचीत ‘नळी’ आणि वाक्यात ‘नळ्यांना’ असलं की ती चूक दाखवते. पन्नास इशाऱ्यांतले बहुतेक खोटे निघाले की लोक तपासणीच बंद करतात, आणि खरे इशारेही जातात. काही साधनांत शब्दाचा न बदलणारा भाग कुठे संपतो त्याची खूण करता येते. ती सोय असेल तर मराठी बाजूला जरूर वापरावी. नसेल तर तपासणी उलटी लावा: मंजूर शब्द आहे का हे बघू नका, टाळायचा शब्द आहे का एवढंच बघा. खोटे इशारे एकदम कमी होतात.

किती शब्द, आणि कुणाच्या हातात

सुरुवातीला तीस-चाळीस ओळी पुरेत. ग्राहक जे विकत घेतो, बदलतो, फिरवतो, धुतो किंवा ज्याबद्दल तक्रार करतो तेवढंच. ‘गुणवत्ता’, ‘सोयीस्कर’ असले शब्द सूचीत घालू नयेत, त्यांनी सूची फुगते आणि कुणी उघडत नाही. ओळी भरल्यावर एकदा मराठी रकान्यावरून क्रम लावा, मग भाग क्रमांकाच्या रकान्यावरून. एकच मराठी शब्द दोन भाग क्रमांकांपुढे लागोपाठ दिसला, तर दोन वस्तू एकाच नावाखाली कोंबल्या आहेत. एकाच क्रमांकाला दोन इंग्रजी शब्द दिसले, तर मूळ मजकुराकडे परत जा.

बदल करण्याचा अधिकार एकाकडेच असावा, सुचवण्याचा सगळ्यांना. उत्तरं लिहिणाऱ्यांकडून ‘ग्राहक म्हणतात’ या रकान्यासाठी सतत नवे शब्द येत राहतात, ते मंजुरीशिवाय भरू द्यावेत, त्यात काही बिघडत नाही. मंजूर शब्दाला मात्र त्या एकाच माणसाने हात लावावा आणि तारीख टाकावी.

अनुवादकांबरोबर एक गोष्ट आधी बोलून घ्यावी. शाळेतल्या निबंधांपासून आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा नको, पर्याय वापरा. चांगला लिहिणारा मराठी माणूस सवयीनेच एका परिच्छेदात कार्ट्रिज, मग फिल्टर, मग गाळणी असं लिहितो आणि त्याला ते सुरेख वाटतं. सूचनापत्रकात वाचणारा त्यातून तीन भाग शोधत बसतो. ‘कार्ट्रिज’ एका परिच्छेदात पाच वेळा आली तर येऊ द्या.

छापून गेलेला कॅटलॉग परत बोलावता येत नाही, आणि तो लोकांच्या घरात यंत्राइतकाच टिकतो. म्हणून ‘सील रिंग’ हे नाव सूचीतून पुसायचं नाही. ते ‘टाळा’मध्ये राहतं, आणि ‘ग्राहक म्हणतात’मध्येही भरायचं, शेजारी कुठल्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये होतं ते लिहून. उद्या कुणी ‘पान बारावरची सील रिंग हवी’ असं लिहिलं तर उत्तर देणाऱ्याने एच-04 काढावा, आणि उत्तरात ओ-रिंग लिहावी.